वजन सारखं, कुपोषण वेगळं

समजा, एका अंगणवाडीत नुकतंच वर्ष पूर्ण झालेल्या दोन मुली आहेत. दोघींच्या जन्मतारखा एकाच आठवड्यातल्या. महिन्याच्या वजनाच्या दिवशी काट्यावर दोघींचंही वजन ६ किलो ८०० ग्रॅम भरतं. वाढीच्या तक्त्यावर दोघींचा ठिपका पिवळ्या पट्ट्यात एकाच जागी पडतो. सेविका ताई दोघींच्या नावापुढे ‘मध्यम कमी वजन’ अशी नोंद करतात आणि दोघींच्या आयांना एकच सल्ला देतात: बाळाला दिवसातून चार-पाच वेळा खाऊ घाला, वरणभातावर तूप-तेल घाला, अंगावरचं दूध चालू ठेवा.

सल्ला बरोबरच आहे. पण या दोघींपैकी एकीच्या जिवाला येत्या काही आठवड्यांत धोका आहे, आणि तिला याच आठवड्यात डॉक्टरांनी तपासायला हवं. दुसरीला तसा तातडीचा धोका नाही. तिचं दुखणं जुनं आहे, कदाचित जन्माच्याही आधीपासूनचं. नुसत्या वजनाच्या तक्त्यावरून कोणती मुलगी कोणती हे ओळखता येत नाही. त्यासाठी आणखी एक माप घ्यावं लागतं, बाळाची लांबी. मग दोन आकडे शेजारी ठेवून वाचायचे: वयानुसार वजन आणि लांबीनुसार वजन. हे वाचन अवघड नाही. मात्र प्रत्येक आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो हे आधी नीट कळायला हवं.

झेड-स्कोअर म्हणजे काय?

बाळाचं वजन बरोबर आहे की कमी, हे कशाशी ताडून ठरवायचं? आज जगभर त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली वाढीची मानकं वापरतात. ती तयार करण्यासाठी १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मापं घेतली गेली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. आईचं दूध मिळालेली, धूम्रपान न करणाऱ्या आयांची, वाढीला अडथळा येणार नाही अशा घरांतली मुलं मुद्दाम निवडली होती. पहिल्या काही वर्षांत या सहाही देशांतली मुलं लांबीने जवळजवळ सारखीच वाढली. ‘आपल्याकडची मुलं मुळातच लहानखुरी असतात’ हे म्हणणं निदान या वयापुरतं तरी टिकत नाही, ते त्यामुळे.

या मुलांमध्ये वर्षाच्या मुलींचं मधलं वजन ८.९ किलो आहे. म्हणजे निम्म्या मुली याहून जड आणि निम्म्या हलक्या. याला झेड-स्कोअर शून्य म्हणतात. आपलं बाळ या मध्यापासून किती पावलं दूर आहे, ते झेड-स्कोअर सांगतो. एका पावलाची लांबी किती, हे निरोगी मुलांमध्ये आपापसात जेवढा फरक असतो त्यावरून ठरतं. मध्याच्या खाली एक पाऊल म्हणजे उणे १, दोन पावलं म्हणजे उणे २. निरोगी मुलांमध्येही शंभरातली दोन-तीन उणे २ च्या खाली सापडतात, उणे ३ च्या खाली मात्र हजारात एखादंच. म्हणून उणे २ ही सावध होण्याची रेषा आहे आणि उणे ३ ही धोक्याची.

वजनाच्या बाबतीत ही पावलं सारख्या लांबीची नसतात. वर्षाच्या मुलींमध्ये शून्यापासून उणे १ पर्यंत एक किलोचं अंतर आहे, ८.९ पासून ७.९ पर्यंत. उणे २ ची रेषा ७.० किलोवर आणि उणे ३ ची ६.३ किलोवर आहे. खाली जाताना पावलं आखूड होत जातात, म्हणजे तळाशी दोनशे-तीनशे ग्रॅमनेही बराच फरक पडतो. म्हणूनच झेड-स्कोअर मनातल्या मनात भागाकार करून काढायचा नसतो. तो तक्त्यातून, आलेखातून किंवा पोषण ट्रॅकरसारख्या ॲपमधून वाचायचा असतो. मुलगे आणि मुली यांचे तक्तेही वेगळे असतात.

एकाच खुणेची दोन कारणं

आपल्या दोन्ही मुलींचं वजन ६.८ किलो, म्हणजे उणे २ आणि उणे ३ या रेषांच्या मधोमध. वयानुसार वजनाचा नेमका झेड-स्कोअर येतो उणे २.३. या वयाच्या मानाने वजन कमी आहे, एवढंच हा आकडा सांगतो. का कमी आहे, ते तो सांगत नाही.

वर्षाच्या बाळाचं वजन दोन कारणांनी कमी असू शकतं. एक, बाळ पुरेसं लांब आहे, पण अंगावर मांस आणि चरबी नाही. याला लुकडेपणा म्हणतात. दोन, बाळाची लांबीच खुंटली आहे. जेवढा देह आहे तेवढ्याला वजन ठीक आहे, पण देहच लहान राहिला. हा खुजेपणा. एखाद्या बाळात दोन्ही एकत्रही असतात. वयानुसार वजनाच्या आकड्यात या सगळ्याची सरमिसळ होते.

वैद्यकशास्त्रालाही ही सरमिसळ सोडवायला वेळ लागला. मेक्सिकोतले बालरोगतज्ज्ञ फेडेरिको गोमेझ यांनी गेल्या शतकाच्या मध्याला कुपोषणाच्या श्रेणी पाडल्या, त्या वयानुसार वजनावरच. पुढे कित्येक वर्षं जगभर हीच पद्धत चालली. आपल्याकडे अंगणवाडीत ‘श्रेणी तीन’, ‘श्रेणी चार’ची मुलं मोजत, तो हिशेबही वयानुसार वजनाचाच होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वॉटरलो यांनी दाखवून दिलं की, लुकडं मूल आणि खुजं मूल ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि ती वेगवेगळी मोजायला हवीत. लुकडेपणासाठी वजन लांबीशी ताडायचं, खुजेपणासाठी लांबी वयाशी ताडायची. आजची वर्गवारी त्याच पायावर उभी आहे.

आता लांबी मोजू

आपल्या दोन मुलींकडे परत येऊ. पहिलीची लांबी भरली ७४ सेंटीमीटर, दुसरीची ६७.

लांबीनुसार वजनाचा तक्ता वय विचारतच नाही. तो फक्त एवढंच विचारतो की, इतक्या लांबीच्या मुलीचं वजन किती असायला हवं. ७४ सेंटीमीटर लांबीच्या मुलीचं मधलं वजन ९ किलो, उणे २ ची रेषा ७.५ किलोवर, उणे ३ ची ६.९ किलोवर. पहिली मुलगी ६.८ किलोची, म्हणजे ती उणे ३ च्याही खाली आहे. हा तीव्र लुकडेपणा. अंगणवाडीच्या भाषेत ती सॅम, तीव्र कुपोषित. वयानुसार वजनाच्या तक्त्यावर तिची नोंद ‘मध्यम’ होती, हे इथे लक्षात घेण्यासारखं आहे.

६७ सेंटीमीटर लांबीच्या मुलीचं मधलं वजन ७.५ किलो, उणे १ ची रेषा ६.९ वर आणि उणे २ ची ६.३ वर. दुसरी मुलगी ६.८ किलोची, म्हणजे उणे १ च्या जरा खाली. ती लुकडी नाही. तिच्या मांड्या, दंड, कुल्ले भरलेले दिसतील; पाहुणे तिला ‘गुटगुटीत’ही म्हणतील.

मग वयाच्या मानाने तिचं वजन कमी का? उत्तर एकच उरतं: ती लांबीने कमी आहे. वयानुसार वजन उणे २ च्या खाली आणि लांबीनुसार वजन ठीक, अशी जोडी दिसली की खुजेपणाचा संशय घ्यायचा. खात्री मात्र तिसऱ्या तक्त्यावर करायची, वयानुसार लांबीच्या. वर्षाच्या मुलीची मधली लांबी ७४ सेंटीमीटर. लांबीच्या तक्त्यात पावलं सारखी असतात आणि या वयाला एक पाऊल साधारण २.६ सेंटीमीटरचं. दुसरी मुलगी मध्यापासून ७ सेंटीमीटर कमी, म्हणजे उणे २.७. ती खुजी आहे. पहिली मुलगी मात्र लांबीने बरोबर मध्यावर आहे.

थोडक्यात, लांबीनुसार वजन कमी असेल तर लुकडेपणा, वयानुसार लांबी कमी असेल तर खुजेपणा. वयानुसार वजन कमी असेल तर बहुधा दोन्हींपैकी काहीतरी आहे, पण काय ते उरलेल्या दोन आकड्यांना विचारायचं.

याची दुसरी बाजूही आहे. वयानुसार वजन हिरव्या पट्ट्यात आहे म्हणून बाळ सुटलं असं होत नाही. वर्षाच्याच एखाद्या मुलीचं वजन ७.६ किलो असेल तर ती वजनाच्या तक्त्यावर ‘सर्वसाधारण’ ठरते. पण तिची लांबी ७७ सेंटीमीटर असेल, तर त्या लांबीला उणे २ ची रेषा ८ किलोवर आहे, आणि ती त्याखाली आहे. उंचेली मुलगी आपल्या लांबीच्या आड लुकडेपणा लपवून बसते. केवळ वजनावर चाळणी लावली तर अशी मुलं चाळणीतून निसटतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३६.१ टक्के कमी वजनाची, ३५.२ टक्के खुजी आणि २५.६ टक्के लुकडी आढळली. हे तीन आकडे बेरजेचे नाहीत. एकच मूल तिन्हींत असू शकतं. बातमीत ‘कुपोषित मुलं इतके टक्के’ असं वाचलं की, हा तिन्हींपैकी कोणता आकडा आहे हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

दोन सेंटीमीटरची किंमत

हे सगळं वाचन मापांवर उभं आहे, आणि दोन वर्षांखालच्या बाळाचं सगळ्यात जास्त चुकणारं माप म्हणजे लांबी.

या वयाच्या बाळाला आडवं झोपवून मोजतात, इन्फंटोमीटर नावाच्या पाटीवर. पाटीच्या एका टोकाला पक्की उभी फळी असते, दुसऱ्या टोकाला सरकती. माप घ्यायला दोन माणसं लागतात. एकाने, बहुधा आईने, बाळाचं डोकं पक्क्या फळीला टेकवून दोन्ही हातांनी धरायचं. बाळाची नजर सरळ वर असायला हवी. दुसऱ्याने एका हाताने दोन्ही गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि दुसऱ्या हाताने सरकती फळी टाचांना भिडवायची. पावलं फळीला काटकोनात हवीत. आकडा मिलिमीटरपर्यंत वाचायचा. डोक्याला टोपी, रिबन, चापाची चिमटी नको. बाळ रडतं, पाय झाडतं. घाईत एकच पाय सरळ होतो, किंवा गुडघे वाकलेलेच राहतात.

पहिल्या मुलीचे गुडघे वाकलेले राहिले आणि ७४ ऐवजी ७२ सेंटीमीटर लिहिले गेले असं समजा. ७२ सेंटीमीटरला उणे ३ ची रेषा ६.६ किलोवर आहे, उणे २ ची ७.२ वर. ६.८ किलोची मुलगी आता मधल्या पट्ट्यात आली. सॅमची मॅम झाली; डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी तिला मिळणार नाही. शिवाय वयानुसार लांबीच्या तक्त्यावर ती मुळात बरोबर मध्यावर असताना जवळपास एक पाऊल खाली दिसेल. वाकलेल्या गुडघ्यांमुळे खरा लुकडेपणा झाकला जातो आणि नसलेला खुजेपणा दिसू लागतो, अशी दुहेरी चूक होते. डोकं फळीला नीट टेकलं नाही आणि माप जास्त भरलं, तर याच्या उलट घडतं.

वजनात चूक होते ती बहुतेक कपड्यांमुळे. थंडीत स्वेटर, टोपी, ओला लंगोट, कमरेचा करदोटा आणि पायातले चांदीचे वाळे धरून तीनशे ग्रॅम सहज भरतात. दोन्ही मुलींचं वजन त्यामुळे ७.१ किलो लिहिलं गेलं असतं तर उणे २ ची रेषा, ७.० किलो, ओलांडून दोघीही हिरव्या पट्ट्यात गेल्या असत्या. वजन कमीत कमी कपड्यांत, काटा शून्यावर आहे हे पाहून, दर वेळी शक्यतो त्याच काट्यावर करावं. बाळ काट्यावर ठरत नसेल तर आधी आईचं वजन करून मग बाळासह करतात. पण हे चालतं ते बारीक फरक दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरच.

तिसरी चूक वयाची. वयानुसारच्या दोन्ही तक्त्यांत वय पूर्ण झालेल्या महिन्यांत धरतात. ‘अकरा महिने संपून बारावा लागला’ याला बारा महिने लिहिलं की तक्त्यावरचा ठिपका एक महिना पुढे सरकतो आणि बाळ आहे त्याहून खाली दिसतं. लांबीनुसार वजनाला मात्र वयाची गरज नाही. जिथे जन्मतारखेचीच खात्री नसते, तिथे हा तक्ता जास्त भरवशाचा.

आकडा चुकलाय हे ओळखायचं कसं? मागच्या नोंदीशी ताडून पाहायचं. लांबी कधी कमी होत नाही. या महिन्याची लांबी मागच्या महिन्याहून कमी असेल तर दोहोंपैकी एक माप चुकलं आहे. एका महिन्यात चार-पाच सेंटीमीटर वाढ झाली असेल तरी तेच. सगळी वजनं पूर्ण किंवा अर्ध्या किलोवर येत असतील, किंवा तीन महिने एकच आकडा उतरत आला असेल, तर काट्याकडे नव्हे, लिहिणाऱ्याकडे पाहावं. शंका आली की माप परत घ्यायचं, आणि दोन मापांत बराच फरक आला तर तिसऱ्यांदा.

एका ठिपक्यापेक्षा रेषा

एकाच दिवसाचा झेड-स्कोअर त्या दिवसाची अवस्था सांगतो. बाळ कुठून कुठे चाललंय, हे ठिपके जोडल्यावरच दिसतं.

तिसरी एक मुलगी घेऊ. सहा महिन्यांची असताना तिचं वजन ७.० किलो होतं. त्या वयाचा मध्य ७.३ आहे, म्हणजे ती शून्याच्या अगदी जवळ होती. नवव्या महिन्यातही ती ७.० किलोच भरली. नऊ महिन्यांचा मध्य ८.२, उणे १ ची रेषा ७.३ वर, उणे २ ची ६.५ वर, ती आता उणे १ च्या खाली गेली. वर्षाची झाल्यावर ७.१ किलो. उणे २ ची रेषा ७.० वर, म्हणजे ती अजून हिरव्या पट्ट्यातच आहे. तिन्ही वेळा नोंद झाली ‘सर्वसाधारण’. पण या सहा महिन्यांत मधल्या मुलीचं वजन १.६ किलोने वाढतं, आणि हिचं वाढलं फक्त शंभर ग्रॅम. ती एक रेषा ओलांडून दुसरीच्या काठावर येऊन थांबली आहे.

सहाव्या महिन्यानंतर अशी सपाट रेषा दिसली तर बहुतेक वेळा वरच्या आहारात गोम असते: वरचं अन्न उशिरा सुरू झालं, फार पातळ आहे, दिवसातून दोनदाच मिळतं, किंवा मधे जुलाबाची आजारपणं झाली. ही बाब नवव्या महिन्यात कळली असती तर दुरुस्त करणं सोपं होतं. म्हणून कार्डावर नुसता ठिपका न काढता आधीच्या ठिपक्याला जोडणारी रेष ओढायची, आणि ती छापील रेषांना समांतर चालली आहे का हे पाहायचं. जन्मापासून उणे १.५ वर राहून समांतर वाढणारं बाळ बहुधा ठीक असतं. शून्यावरून उणे १.५ वर घसरलेलं बाळ ठीक नाही, जरी आज दोघांचा आकडा एक असला तरी.

आकडा जिथे फसवतो

तीन प्रसंगी झेड-स्कोअर जपून वाचावा लागतो.

पहिला, सूज. तीव्र कुपोषणात काही मुलांच्या दोन्ही पावलांवर पाणी साठतं. पाण्याचं वजन काट्यावर चढतं आणि लांबीनुसार वजन ठीक दिसतं. म्हणून वजनाच्या आधी बाळाच्या दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहतात. दोन्हीकडे खड्डा राहिला आणि दुसरं काही कारण नसेल तर ते मूल तीव्र कुपोषित, मग झेड-स्कोअर काहीही असो.

दुसरा, अपुऱ्या दिवसांचं बाळ. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आठ आठवडे आधी आलेलं असतं. दोन वर्षांचं होईपर्यंत त्याच्या वयातून हे आठवडे वजा करून तक्ता वाचायचा असतो. वर्षाच्या अशा मुलीला दहा महिन्यांच्या ओळीत पाहायचं. तिथे उणे २ ची रेषा ६.७ किलोवर आहे, आणि ६.८ किलोची मुलगी तिच्या वर राहते. हे वजा केलं नाही तर आईच्या वाट्याला विनाकारण ठपका येतो.

तिसरा, सहा महिन्यांच्या आतलं बाळ. त्याचा आहार म्हणजे आईचं दूध, त्यामुळे वजन वाढत नसेल तर पाजणं कसं चाललंय, बाळ छाती नीट पकडतं का, आई स्वतः कशी आहे, हे तपासावं लागतं. मोठ्या मुलांसाठीचा पोषक आहार इथे उपाय नाही. दंडघेराची पट्टी, जिच्यावर ११.५ सेंटीमीटरखाली लाल रंग असतो, तीही सहा महिन्यांनंतरच लावायची.

दोघींसाठी दोन वाटा

पहिल्या मुलीचं, म्हणजे तीव्र लुकडीचं, पुढचं काम तातडीचं आहे. तिची सूज पाहायची, ताप, जुलाब, उलट्या, खोकला, सुस्ती यांपैकी काही आहे का पाहायचं, आणि भुकेची चाचणी घ्यायची: दिलेला आहार ती स्वतः खाते का. खात असेल आणि दुसरा आजार नसेल तर तिच्यावर गावातच, ग्राम बालविकास केंद्रात, उपचाराचा आहार देऊन दर आठवड्याला वजन पाहत उपचार होऊ शकतात. खात नसेल किंवा आजार असेल तर रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावं लागतं. अशा मुलाला घरी एकदम भरपूर खाऊ घालणं धोक्याचं असतं. खंगलेलं शरीर तो भार पेलू शकत नाही. रुग्णालयात म्हणूनच सुरुवात थोड्या, वारंवार दिलेल्या सौम्य आहाराने करतात आणि साखर व शरीराचं तापमान उतरू नये यावर लक्ष ठेवतात. उपचार लागू पडले तर वजन काही आठवड्यांत वर येतं, आणि लांबीनुसार वजनाचा झेड-स्कोअर उणे २ च्या वर टिकला की मूल बाहेर पडलं असं मानतात.

दुसऱ्या मुलीला, खुज्या मुलीला, हाच उपचाराचा आहार दिला तर तिचं वजन वाढेल, लांबी नाही. तिचं लांबीनुसार वजन आधीच ठीक आहे. तिच्या खुजेपणाची सुरुवात बहुधा गरोदरपणात झाली असेल: आई स्वतः कमी वजनाची, रक्त कमी, दोन बाळंतपणांत अंतर थोडं. पुढे वरच्या अन्नात डाळ, अंडं, दूध, भाज्या कमी आणि जुलाबाची आजारपणं जास्त. तिच्यासाठी उपाय संथ आहेत: जेवणात रोज वेगवेगळे पदार्थ, शक्य असेल तर अंडं, पिण्याचं स्वच्छ पाणी, जुलाब झाल्यावर ओआरएस आणि झिंक, लसीकरण, आणि आईचं पुढचं गरोदरपण लांबवणं. तिच्या लांबीची नोंद दर महिन्याला नव्हे, दोन-तीन महिन्यांनी पाहिली तरी चालेल, पण ती पाहायला हवी, कारण पहिल्या दोन वर्षांत गमावलेली उंची पुढे भरून काढणं फार कठीण जातं.

ज्या मुलाच्या नावापुढे लुकडेपणा आणि खुजेपणा दोन्ही येतात, त्याचा मृत्यूचा धोका एकेकट्यापेक्षा बराच जास्त असतो. त्याला पहिल्या मुलीच्या रांगेत, तेही पुढे, बसवायचं.

आई-वडिलांच्या हाती यातलं जे आहे ते असं. बाळाच्या कार्डावर वजनासोबत लांबीही लिहिली आहे का ते पाहावं. नसेल तर मागून घ्यावी. लांबी मोजताना गुडघे सरळ होते का, ते स्वतः बघावं. आणि ‘वजन कमी आहे’ असं कुणी सांगितलं तर एकच प्रश्न विचारावा: वयाच्या मानाने कमी, की लांबीच्या मानाने? उत्तर ‘लांबीच्या मानाने’ असेल आणि आकडा उणे ३ च्या खाली असेल, तर पुढच्या महिन्याच्या वजनाच्या दिवसाची वाट पाहू नये.